वरच्या घरातला पाचाचा आकडा

सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी शकुनताईंच्या घरात चूल पेटत नसे, आणि वर्षातली सगळ्यात गरमागरम बैठक नेमकी त्याच दिवशी व्हायची.

चूल न पेटवण्याची रीत तळमजल्यावरच्या घोषवहिनींची. पूजेच्या रात्री सगळं शिजवून ठेवायचं आणि षष्ठीला गारगारच खायचं, हा त्यांचा नेम. शकुनताईंनी तो सत्तेचाळीस वर्षांपूर्वी उचलला, तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला होता. आता सासूबाई नाहीत आणि श्रीकांतरावही नाहीत. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. नेम मात्र जागच्या जागी होता.

दुसरा नेम शकुनताईंचा स्वतःचा. श्रीकांतरावांचा जन्म माघ शुद्ध पंचमीचा, ऐन सरस्वतीपूजेचा. त्या दिवशी इथे कोलकात्यात मुलंबाळं वह्या-पुस्तकं देवीच्या पायाशी ठेवतात आणि वाचायला मिळत नाही म्हणून खूश असतात. शकुनताई पुस्तकांच्या वर श्रीकांतरावांची पत्रिका ठेवायच्या. षष्ठीला ती उचलायची, उलगडायची आणि पहिल्यापासून वाचायची. नवरा गेल्यावर नवऱ्याची पत्रिका कोण वाचतं? पण शकुनताईंचं म्हणणं असं, की माणूस जातो, पत्रिकेतली घरं कुठे जातात? आणि दरवर्षी त्यांना त्यात काहीतरी नवीन सापडायचंच. सापडलं की ते कुटुंबाला बंधनकारक.

"बंधनकारक म्हणजे कसं, तर सुप्रीम कोर्टासारखं," त्यांचा मुलगा मंदार म्हणायचा. "वर अपील नाही."

पाच वर्षांपूर्वी बाराव्या घरातला राहू वाचला गेला आणि वर्षभर बाहेरचं खाणं बंद झालं. त्याआधी पंचमातले बुध-शुक्र वाचले गेले आणि मंदारच्या मुलीच्या, यामिनीच्या हातात सतार आली. ती बिचारी अजून पलंगाखाली पडून आहे. सतार, यामिनी नव्हे.

यंदा पंचमी शुक्रवारी आली, नेताजी जयंतीच्याच दिवशी, आणि पुढे सव्वीस जानेवारीची सुट्टी. चार दिवस सलग मिळाल्यावर मुलगी उज्ज्वला पुण्याहून विमानानं आली. मंदार, त्याची बायको मधुरा आणि यामिनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या न्यू टाउनहून आले. एरवी खिदिरपूरला यायचं म्हटलं की मंदारला ऑफिसचा फोन येतो. यंदा शनिवारी सकाळी नऊला तो दारात हजर होता. शकुनताईंनी तेव्हाच ओळखलं, की पाणी मुरतंय.

मुरणारच. डिसेंबरात त्या जिन्यावरून घसरल्या होत्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हाड मोडलं नाही, पण महिनाभर मधुरानं रजा काढून सेवा केली. तेव्हापासून दोन्ही मुलांच्या डोक्यात एकच किडा होता: आईला इथून हलवायचं. कुठे, एवढ्यावरच भांडण. मंदारला न्यू टाउनला न्यायची होती, उज्ज्वलाला पुण्याला. आणि शकुनताईंना कुठेच जायचं नव्हतं. पण 'नाही जायचं' असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणायच्या, "ह्यांचा चतुर्थेश दशमात आहे रे."

हे वाक्य घरात आता सगळ्यांना पाठ होतं. पत्रिकेतलं चौथं घर राहत्या वास्तूचं, दहावं कामाचं. चौथ्याचा मालक दहाव्यात जाऊन बसला, म्हणजे घर कामाशी बांधलेलं. श्रीकांतरावांचं काम खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये. तेव्हा घरही खिदिरपुरातच. तीन वर्षांपूर्वी घोषबाबूंनी आपल्या तळमजल्यावरच्या घराचा विषय काढला होता. "मुलीकडे बंगळूरला जायचं म्हणतोय, बउदी, तुम्हीच घ्या ना," असं म्हणाले होते; बउदी म्हणजे वहिनी. त्यावरही शकुनताईंनी हाच हुकमाचा पत्ता टाकला: दहावं घर म्हणजे डोक्यावरचं आकाश, भर माथ्यावरचं. चतुर्थेश तिथे, म्हणजे वास्तू वरच्याच मजल्यावर हवी. घोषबाबूंना काही कळलं नाही, पण त्यांनी हात जोडले. ते अजून गेलेले नव्हते. जागा दुसऱ्या कुणाला देण्याआधी घोषवहिनींना शकुनताईंनाच फिरून विचारावंसं वाटत होतं.

"आई, चहा," मधुरानं कप पुढे केला.

"चूल पेटवलीस?"

"चूल कुठे? प्लगवरची किटली आहे. षष्ठीला तिचं काही वैर नाही."

शकुनताईंनी कप घेतला आणि सुनेकडे कौतुकानं पाहिलं. ही मुलगी पोटची नाही, हा एक देवाचा हिशेब चुकलाय, असं त्यांना नेहमी वाटे.

मग चौरंगावरून पत्रिका उतरली. गुंडाळीचा कागद, कोपऱ्यांना हळदीकुंकू, मधोमध लाल शाईतली कुंडली. शकुनताईंनी चष्मा पुसला. मंदार सतरंजीवर मांडी घालून बसला, उज्ज्वला भिंतीला टेकून, यामिनी फोन घेऊन पालथी.

"माघ शुद्ध पंचमी, शनिवार, शके अठराशे पासष्ट," शकुनताईंनी सुरुवात केली. "इंग्रजी एकोणतीस जानेवारी एकोणीसशे चव्वेचाळीस. मुक्काम कलकत्ता. सायंकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. सिंह लग्न."

"आई, मी जरा आधीच बोलू?" मंदार म्हणाला. "बाबांच्या पत्रिकेत दहाव्या घरात मंगळ-शनी आहेत ना? मंगळ म्हणजे जमीन. मी वाचलंय. तर जमीन, नवं बांधकाम..."

"तू वाचलंयस?" उज्ज्वलानं हसून विचारलं. "दहावीला भूगोलसुद्धा मी वाचून दाखवला होता तुला. आई, बाराव्या घरात राहू आहे. बारावं म्हणजे जन्मस्थानापासून दूरचा वास. बाबांचा जन्म इथला. दूर म्हणजे पुणे, दुसरं काय?"

"आणि न्यू टाउन दूर नाही? दीड तास लागतो मला!"

"तो ट्रॅफिकमुळे."

शकुनताईंना गंमत वाटली. नऊ वर्षं पत्रिकेला नाकं मुरडणारी ही दोघं आता घरंबिरं पाठ करून आली होती. पण त्यांनी पत्रिका जरा आपल्याकडे ओढून घेतली. आपलंच शस्त्र पोरांनी उचललं की पंचाईत असते.

तेवढ्यात यामिनी बंगाली थाटात वैतागली, "आजी, धुर! हे वेगळं दाखवतंय."

"काय वेगळं?"

"मी आजोबांची तारीख, वेळ, गाव सगळं ॲपमध्ये टाकलं. तुझ्या कागदावर वरच्या घरात पाच लिहिलंय. इथे चार आहे."

कुंडलीतलं वरचं मधलं घर म्हणजे लग्न, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास. तिचा आकडा तिथे लिहितात: पाच म्हणजे सिंह, चार म्हणजे कर्क. तो एक आकडा सरकला की बाराही घरं सरकतात. ग्रह आपापल्या राशीत तिथेच राहतात, पण कुठल्या घरात बसले ते बदलतं. भाडेकरू तेच आणि खोल्या दुसऱ्या.

"तुझं यंत्र चुकतंय," शकुनताई शांतपणे म्हणाल्या.

"फोन चुकत नाही गं आजी."

"बरं, आण इकडे कागद-पेन्सिल."

आणि त्यांनी हातानं गणित मांडलं. हे त्यांचं घरचं शिक्षण. वडील बँकेत अधिकारी, पण खरा जीव ज्योतिषात, आणि अठरा वर्षांच्या मुलीला त्यांनी सगळं शिकवलं होतं. "बघ. त्या दिवशी रवी मकरेत पंधरा अंशांवर. सूर्य मावळतो तेव्हा त्याच्या बरोब्बर समोरची जागा पूर्वेला उगवत असते. मकरेच्या समोर कर्क. म्हणजे सूर्यास्ताला कर्केचे पंधरा अंश. इथे जानेवारीअखेर सूर्य मावळतो पाच वीसला. अख्खी रास उगवायला दोन तासांच्या वर थोडं लागतं. अर्धी कर्क उरली होती, तिला तासभर, फार तर पाच मिनिटं वर. साडेसहाच्या आत कर्क संपली, सिंह सुरू. सहा पन्नासला सिंहेचे पाच-सहा अंश. झालं?"

मधुरानं मान डोलावली. इतकं सरळ होतं की मंदारलाही कळलं.

"मग हे चार का म्हणतंय?" यामिनी फोनवर बोटं चालवत राहिली. "थांब... इथे खाली बारीक लिहिलंय. टाइम झोन प्लस साडेसहा."

"भारताचा साडेपाच असतो," मंदार म्हणाला.

"हो ना. पण चव्वेचाळीस सालाला साडेसहा लावलंय. एक तास जास्त. म्हणजे फोन सहा पन्नासचे पाच पन्नास धरतोय."

शकुनताईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पण पटकन उठल्या. कपाटातून त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. अडुसष्ट साली वडिलांनी सांगितलेलं आणि त्यांनी उतरवून घेतलेलं सगळं त्या वहीत होतं. चौदाव्या पानावर त्यांचंच गोल अक्षर होतं: 'लढाईच्या काळात सरकारनं देशभरची घड्याळं एक तास पुढे केली होती. एक सप्टेंबर बेचाळीस ते पंधरा ऑक्टोबर पंचेचाळीस, या काळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा करावा. विसरू नये.'

विसरू नये! आणि खाली दोन रेघा!

"अगं बाई गं," शकुनताई खाली बसल्या.

"काय झालं आई?" उज्ज्वला पुढे सरकली.

"मी गाढव आहे. या वर्षांतल्या किती जणांच्या पत्रिका मी केल्या असतील! वर्तकांच्या आजोबांची केली, बंदरावरच्या नाईकांची केली. प्रत्येकाचा तास वजा केला. आणि ह्यांची..." त्यांना हसावं की रडावं कळेना. "ह्यांची मी कधी मांडलीच नाही रे. ही तयार आली होती."

खरंच तयार आली होती. श्रीकांतरावांचे वडील श्यामराव कट्टर सुधारक. त्यांनी मुलाची पत्रिका केलीच नव्हती, नुसती प्रसूतिगृहाची चिठ्ठी होती. एकाहत्तर साली लग्नाचं निघालं, मुलीकडून पत्रिकेचा हट्ट झाला, तेव्हा श्यामरावांनी नाराजीनं चिठ्ठीवरची वेळ वाईच्या एका जोशांना लिहून पाठवली. लढाई संपून सव्वीस वर्षं झालेली. जोशांनी वेळ आहे तशी धरली आणि लाल शाईत पाचाचा आकडा घातला. त्या आकड्यावर शकुनताईंनी चोपन्न वर्षं संसार वाचला.

"पण कशावरून प्रसूतिगृहाचं घड्याळ पुढे होतं?" मंदारनं विचारलं. तो ऑफिसातही असंच विचारतो, आणि म्हणून लोक त्याच्यासोबत जेवायला बसत नाहीत.

"सासूबाई सांगायच्या," शकुनताई हळूच म्हणाल्या. "श्रीकांत झाला तेव्हा आजूबाजूच्या घरांत संध्याकाळचे शंख वाजत होते. मी नेहमी म्हणायचे, सहा पन्नासला कसले शंख? दिवेलागण होऊन तास उलटून गेलेला. त्या म्हणायच्या, मला विचार, मी तिथे होते! मी मनात म्हणायचे, वेणांमध्ये कसलं भान राहतं. पाच पन्नास असेल तर बरोबर आहे. त्याच वेळी वाजतात."

"आणि दशा!" त्यांनी एकदम कपाळावर हात मारला. "एक तास मागे गेलं की चंद्र अर्ध्या अंशानं मागे जातो. रास मीनच, नक्षत्र उत्तराभाद्रपदाच, पण जन्मदशा शनीची, ती दहा महिन्यांनी लांबते आणि पुढच्या सगळ्याच लांबतात. शुक्राची दशा सत्याहत्तरच्या पावसाळ्यात लागायची होती. मी ह्यांना म्हटलं, आता घर होणार. कुठलं काय! सोसायटीचं हे घर मिळालं अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात. दर वेळी तेच. मी म्हणायचे, तुमचे ग्रह सुद्धा तुमच्यासारखेच, दहा महिने उशिरा येतात! बिचाऱ्यांना पंचेचाळीस वर्षं टोमणे मारले."

सगळे हसले. शकुनताईही हसल्या आणि डोळे पुसले.

मग अर्थातच पत्रिका नव्यानं मांडायची ठरली. कुटुंबात एवढी एकी सव्वीस जानेवारीच्या परेडलाही दिसत नाही. मधुरानं वहीचं पान फाडलं, चौकोन आखला, तिरप्या रेघा मारल्या. वरच्या घरात चार.

"हं, सांगा आता."

"कर्केत राहू, तो लग्नात. गुरू सिंहेत, तो आता दुसऱ्यात."

"लग्नातला गुरू गेला?" उज्ज्वला हळहळली. तिनं वडिलांच्या श्रद्धांजलीच्या भाषणात तो गुरू वापरला होता.

"गेला. धनूत बुध-शुक्र, ते पाचव्यातून सहाव्यात."

"म्हणजे सतारीचं काही नव्हतंच!" यामिनी ओरडली. "आजी! मी दोन वर्षं बोटं कापून घेतली!"

"मीनेत चंद्र. पूर्वी आठव्यात होता, आता नवव्यात, भाग्यात. आणि कर्केचा मालक चंद्रच. लग्नेश भाग्यात! काय सुंदर!" शकुनताईंचा आवाज रंगात आला. "वृषभेतले मंगळ-शनी दहाव्यातून अकराव्यात. आणि मकरेतले रवी-केतू..."

त्या थांबल्या.

"कुठे?" मधुरानं पेन्सिल रोखली.

"सातव्यात."

सातवं घर जोडीदाराचं, हे त्या घरातल्या मांजरालाही माहीत होतं. जुन्या पत्रिकेत ते रिकामं होतं. "माझ्या घरात कोण येतंय!" असं शकुनताई त्यावरून म्हणायच्या.

"सातव्यात रवी म्हणजे?" यामिनीनं विचारलं.

"बायको तापट आणि वरचढ," उज्ज्वलानं पाठ केलेलं म्हणून टाकलं आणि जीभ चावली.

मंदार गडगडाटी हसला. "ॲप बरोबर आहे! शंभर टक्के बरोबर आहे!"

"हसू नकोस मेल्या," शकुनताई म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या सातव्या घराकडे बघत होत्या.

कारण त्यांना एक गोष्ट आठवली होती, आणि ती या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होती. वडिलांनी त्यांची दोन स्थळं मोडली होती. एक इंजिनियर होता, एक प्राध्यापक. दोघांच्याही सप्तमात पापग्रह, एकाच्या शनी, एकाच्या रवी. "माझी पोर तिथे द्यायची नाही," वडील म्हणाले आणि विषय संपला. वडिलांच्या शब्दाबाहेर घरात पान हलत नसे. मग श्रीकांतची पत्रिका आली. वडिलांनी ती दोन दिवस भिंग घेऊन पाहिली. जन्मसाल चव्वेचाळीस. ज्या माणसानं त्याच्या तीनच वर्षं आधी 'विसरू नये' म्हणून दोन रेघा मारायला लावल्या, तो माणूस दोन दिवस भिंग घेऊन बसला आणि तास वजा करायचा विसरला? बाबा?

छे! बाबांच्या नजरेतून अंशाची कला, साठावा भागसुद्धा, सुटत नसे. त्यांनी तास वजा केला असणार. सप्तमातले रवी-केतू त्यांना दिसले असणार. आणि मग त्यांनी मुलीकडे पाहिलं असणार. गोदीतला तो उंच तरुण चहा पिऊन गेल्यापासून ती मुलगी आतल्या खोलीत कारण नसताना गुणगुणत होती. तिसऱ्या दिवशी बाबा बाहेर येऊन म्हणाले होते, "जोशांनी मांडलीय ती ठीक आहे. सातवं मोकळं आहे. शकू, तुझं काय म्हणणं?" आणि तिनं खाली बघून म्हटलं होतं, "तुम्हाला पत्रिका बरी वाटत असेल तर माझी हरकत नाही."

एवढंच. बापानं 'माझ्या पोरीला आवडलाय' म्हटलं नाही आणि पोरीनं 'मला आवडलाय' म्हटलं नाही. दोघं जोशीबुवांच्या लाल शाईआड उभे राहिले.

"आई, बरं वाटत नाहीये का?" मधुरा जवळ आली.

"माझ्या बाबांना माहीत होतं गं," शकुनताई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्या दोनदा रडल्या, एकदा हसल्या. उज्ज्वलानं आईचा हात धरून ठेवला. मंदारनं फोन उलटा ठेवला, आणि हे त्याच्या मानानं पुष्कळ होतं.

पण मंदार शेवटी मंदारच. पाच मिनिटांनी तो घसा साफ करून म्हणाला, "आई, म्हणजे आता लग्न कर्क. चौथं घर तूळ. तुळेचा मालक शुक्र. तो दहाव्यात नाही, सहाव्यात."

शकुनताईंना कळलं, की हा डाव आहे आणि तो बिनतोड आहे. चतुर्थेश दशमात उरला नव्हता. घर कामाशी बांधलेलं नव्हतं. नऊ वर्षं ज्या खुंटीला त्यांनी हे घर टांगून ठेवलं होतं, ती खुंटीच भिंतीतून निघाली होती.

"लाभात मंगळ," मंदार पुढे सरसावला. "जमिनीचा लाभ. न्यू टाउनचा नवा फ्लॅट, सातवा मजला, दोन लिफ्ट."

"भाग्यात चंद्र!" उज्ज्वला उसळली. "नववं म्हणजे लांबचा प्रवास. पुणे! आणि तिथे निदान मराठी ऐकू येईल तिला."

"तिला मराठी ऐकायचंय कशाला? तीच बोलते!"

"तुम्ही दोघं जरा थांबता का?" मधुरा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दोघं थांबली. "तासाभरापूर्वी त्याच ग्रहांवरून तुम्ही हेच म्हणत होतात. मंगळ दहाव्यात होता तरी न्यू टाउन, अकराव्यात गेला तरी न्यू टाउन. राहू असो की चंद्र असो, पुणंच. मग पत्रिका कशाला वाचायची? आईंना विचारा ना, त्यांना काय हवंय. मी या घरात बावीस वर्षं आहे. त्यांना कुणी हे विचारलेलं मी ऐकलेलं नाही."

मंदारनं बायकोकडे असं पाहिलं, जसं काही तिनं पक्ष बदलला. तिनं बदललाच होता.

शकुनताई पानाकडे बघत होत्या. चार घरं, आठ घरं, तिरप्या रेघा. बोट आपोआप सातव्याच्या मालकाकडे गेलं. मकर शनीची आणि कुंभही शनीचीच. लग्न सिंह असो की कर्क, ह्यांच्या बायकोचा ग्रह शनी तो शनीच.

"म्हणजे आई तेव्हाही शनी आणि आत्ताही शनी," मंदार पुटपुटला, आणि यामिनीनं त्याला उशी फेकून मारली.

पण तो शनी जुन्या पत्रिकेत दहाव्यात होता. चोपन्न वर्षं त्या वाचत आल्या होत्या: सप्तमेश कर्मस्थानात, बायको म्हणजे काम. डबा, इस्त्री, गोदीवरून उशिरा येणाऱ्याचं ताट. त्या कधी तक्रार म्हणून बोलल्या नाहीत, पण दरवर्षी तिथे आलं की आवाज किंचित कोरडा व्हायचा. आता तोच शनी अकराव्यात बसला होता, लाभात. माणसाला हवं होतं आणि मिळालं, असं ते घर.

त्यांनी चष्मा काढला.

"मला कुठेही जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"पण आई, चतुर्थेश..."

"चतुर्थेश गेला चुलीत. आज चूल पेटलेली नाही, तरी गेला." त्या मंदारकडे वळल्या. "मी सांगतेय. मी. मला जायचं नाही. ग्रहांचं नाव घेऊन मी नऊ वर्षं तुम्हाला फसवलं आणि तुम्ही आज सकाळपासून मला फसवताय, फिटंफाट झाली. मला ही गल्ली हवी, घोषवहिनींची किरकिर हवी, गोदीचा भोंगा हवा. उज्जू, तुझ्याकडे मी महिनाभर येईन, भांडायला. मंदार, तुझा सातवा मजला बघायला येईन. पण राहीन इथे. मला हे आवडतं, एवढंच कारण आहे. हे कारण पुरेसं आहे, हे माझ्या बापालाही म्हणता आलं नाही आणि मलाही आजवर आलं नाही."

उज्ज्वला रडायला लागली. मंदार सतरंजीचा दोरा ओढत बसला.

"आणि जिना?" शेवटी तो म्हणाला. आता तो वकिलासारखा बोलत नव्हता, घाबरलेल्या मुलासारखा बोलत होता. "आई, तू त्या दिवशी जिन्यात पडलीस आणि मला कळलं दोन तासांनी."

शकुनताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढं सरळ त्यानंही आजच सांगितलं होतं.

"मधुरा," त्या म्हणाल्या, "खाली जा आणि घोषबाबूंना सांग, तळमजल्याचं बोलायचंय. बंगळूरला कधी जाताय म्हणावं."

"आजी, चौथ्या घराला पाताळ म्हणतात, असं इथे लिहिलंय!" यामिनीनं फोन नाचवला. "पाताळ म्हणजे तळमजला! म्हणजे पत्रिकेतही..."

"ठेव तो फोन. हे पत्रिकेनं सांगितलेलं नाही. माझ्या गुडघ्यांनी सांगितलंय."

मधुरा चप्पल घालून खाली धावली. पाच मिनिटांत घोषवहिनी स्वतःच धापा टाकत वर आल्या, हातात गारढोण डाळ-भाज्यांचं पातेलं. सगळ्यांनी गोल बसून ते खाल्लं. मंदारनं दोनदा घेतलं आणि थंड असल्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही.

जेवण झाल्यावर शकुनताई वाईच्या जोशांचा लाल शाईचा कागद गुंडाळत होत्या. उज्ज्वलानं तो हातात घेतला. "आई, आता ही विसर्जन करायची का? आणि पुढच्या वर्षीपासून वाचन बंद?"

"बंद का?" शकुनताईंनी मधुरानं आखलेलं पान पुढे ओढलं, आणि नव्या नवरीसारखं जरा लाजून, जरा अधीरपणे त्यावर बोट ठेवलं. "चोपन्न वर्षं मी दुसऱ्याच कुणाची पत्रिका वाचत होते गं. ह्या माणसाची तर आज कुठे ओळख झाली."